‘छान, धन्यवाद.’ हा टोमणा की आभार? आणि विचारायचे कधी?

दोनदा_वाचणारी

मी अहवालांचे मुद्रितशोधन करते. मंगळवारी द्यायचा अहवाल गुरुवारी देईन, असे मी सोमवारी दुपारी ग्राहकाला कळवले. दहाच मिनिटांत उत्तर आले: ‘छान, धन्यवाद.’ एरवी हे गृहस्थ ‘ठीक आहे, कळवत राहा’ असे लिहितात. हा टोमणा समजावा की त्यांना गुरुवार खरोखरच चालणार आहे? विचारावे, की गप्प बसून काम करावे?

अनुस्वार

शेवटचा पूर्णविराम पाहिलात का? फोनवरच्या संदेशात आता कोणी पूर्णविराम देत नाही. जो देतो तो रागावलेला असतो किंवा तुटकपणा दाखवत असतो. 2015 मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातील संशोधकांनी हेच दाखवले होते. पूर्णविरामासह आलेले एका शब्दाचे उत्तर वाचणाऱ्यांना कमी प्रामाणिक वाटले. माझ्या मते हा टोमणाच आहे.

जुना_संपादक

अनुस्वार, तो प्रयोग मलाही ठाऊक आहे, पण तुम्ही त्याचा अर्धाच भाग सांगितलात. वाचणारे विद्यार्थी होते, उत्तरे आमंत्रणांना दिलेली होती, आणि तेच शब्द हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवले तेव्हा पूर्णविरामाने काहीही फरक पडला नाही. म्हणजे चिन्हाला स्वतःचा असा अर्थ नाही. तो त्या माध्यमातल्या सवयीतून येतो. हे गृहस्थ एरवी पूर्णविराम देतात का, हे जुने संदेश उघडून पाहावे. नेहमी देत असतील, तर तुमचा पुरावा तिथेच संपला.

माझी शंका वेगळी आहे. ‘छान’ हा शब्द नेमक्या कशाला उद्देशून आला? टोमणा ओळखताना मी आधी शब्द पाहत नाही, त्याच्या आधीची बातमी पाहतो. बातमी ऐकणाऱ्याच्या तोट्याची असेल आणि उत्तरात कौतुक असेल, तर दोन्हींचा सांधा जुळत नाही, आणि व्याजस्तुतीला जागा तिथेच मिळते. बातमी फायद्याची किंवा कोरडी असेल, तर त्याच दोन शब्दांत शोधण्यासारखे काही नसते. तेव्हा ताई, तुमचा मूळ संदेश अक्षरशः इथे द्याल का? ‘उशीर होईल’ एवढेच लिहिले होते की आणखी काही?

अक्कावहिनी

धन्यवादाला उलट उत्तर द्यावे की नाही, हा प्रश्न मलाही नेहमी पडतो. मी हात जोडल्याचे चित्र पाठवून मोकळी होते. पण एकदा धाकट्या दिरांनी ‘वा, छान’ एवढेच लिहिले, आणि मी रात्री साडेदहाला ‘भावजी, रागावलात का?’ असे विचारून बसले. ते मुळीच रागावले नव्हते. माझ्या त्या प्रश्नानंतर मात्र रागावले. ‘मी साधे बोललो तरी तुम्हाला त्यात खोच दिसते’ असे म्हणाले, आणि पुढे चार दिवस घरात त्याचीच चर्चा होती.

जुना_संपादक

वहिनी, तुमचा प्रश्न जरा वेगळा आहे, पण उदाहरण इथे फार कामाचे आहे. तुम्ही त्यांच्या मनाविषयी विचारलेत, आणि त्या प्रश्नात आरोप आपोआप येतो.

शब्दाला_शब्द

मला ही सारी चिकित्सा अनावश्यक वाटते. लेखी व्यवहारात ‘छान’ म्हणजे छान. ज्याला गुरुवार चालत नाही त्याने ‘चालत नाही’ असे लिहावे. तो आडून बोलत असेल, तर अर्थ न पोहोचण्याची जबाबदारी त्याची. आपण प्रत्येक टोमण्यामागे विचारपूस करत गेलो, तर टोमणे मारणाऱ्याला फुकटचा मान मिळतो आणि सरळ लिहिणाऱ्यालाही उगाच खुलासे द्यावे लागतात. ताईंनी उत्तर जपून ठेवावे आणि गुरुवारी काम द्यावे. उद्या वाद झालाच, तर लेखी संमती हाताशी आहे.

जुना_संपादक

जबाबदारी त्याची, हे तत्त्व म्हणून मान्य आहे. पण त्याला आपण आडून बोलतो आहोत हे जाणवतच नसेल तर? 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने ईमेलने पाठवायला सांगितले होते. आपला सूर सुमारे 78 टक्के वेळा ओळखला जाईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळा ओळखला गेला, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा थोडाच जास्त. तीच वाक्ये आवाजात ऐकवली तेव्हा प्रमाण 73 टक्क्यांवर गेले. लिहिणाऱ्याच्या कानात त्याचा स्वतःचा आवाज घुमत असतो आणि वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही, एवढीच ही गोष्ट आहे. शिवाय लेखी संमतीने तुम्ही वाद जिंकाल, पुढचे काम मिळेलच असे नाही.

दोनदा_वाचणारी

माझा संदेश असा होता: ‘तक्त्यांतील बेरजांच्या चुका दुरुस्त केल्या आहेत. परिशिष्टे उशिरा मिळाल्यामुळे पूर्ण अहवाल मंगळवारऐवजी गुरुवारी पाठवते.’ जुने संदेशही पाहिले. ते पूर्णविराम नेहमीच देतात.

जुना_संपादक

मग चित्र बरेच बदलते. तुमच्या संदेशात दोन बातम्या आहेत आणि पहिली चांगली आहे. ‘छान’ बेरजांसाठी आणि ‘धन्यवाद’ कळवल्याबद्दल, हे वाचन अगदी सरळ बसते. तिसरी शक्यताही लक्षात घ्या: त्यांनी फोनवर पहिलीच ओळ पाहिली असेल आणि पडद्यावर सुचवलेल्या तयार उत्तरावर बोट ठेवले असेल. तसे असेल तर टोमणाही नाही आणि संमतीही नाही, कारण गुरुवार त्यांच्या नजरेस पडलेलाच नाही. मला तीच शक्यता सर्वांत धोक्याची वाटते, आणि शब्दाला_शब्द यांची लेखी संमती नेमकी तिथे कोसळते.

म्हणून विचारावे, पण सुराबद्दल नव्हे, तारखेबद्दल. ‘गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाठवला तर पुढच्या कामाला अडचण नाही ना? असल्यास पहिली तीन प्रकरणे उद्याच देऊ शकते.’ रागावलेल्या माणसाला यात नाराजी सांगायला वाट मिळते, खूश असलेल्याला ती केवळ चौकशी वाटते, आणि ज्याने वाचलेच नाही तो वाचतो. वहिनींच्या प्रश्नात आणि यात फरक आहे तो एवढाच. उत्तर काहीही आले तरी तुमच्या कामात तसूभर बदल होणार नसेल, तर मात्र विचारू नये. मनातली खुटखुट भागवण्यासाठी दुसऱ्याला कामाला लावण्यात अर्थ नाही.

अनुस्वार

पूर्णविरामाचे मागे घेतो. पण उत्तर ‘छानच, धन्यवाद’ असे असते तर? त्या ‘च’नंतर तरी शंकेला जागा उरते का?

जुना_संपादक

उशिराच्या बातमीवर तो ‘च’ आला असता तर मीही दचकलो असतो. तरीही मनापासून ‘छानच’ म्हणणारी माणसे मी रोज पाहतो, त्यामुळे केवळ ‘च’वर निकाल देणार नाही. ‘मोठे उपकार झाले’ असे आले असते, तर मात्र विचारत बसलो नसतो, सरळ फोन केला असता.

दोनदा_वाचणारी

तारखेबद्दलच विचारले. उत्तर आले: ‘गुरुवारी सकाळी 11 पर्यंत हवा. दुपारी बैठक आहे.’ मी संध्याकाळ धरून चालले होते, म्हणजे विचारले ते बरेच झाले. आता बुधवारी रात्री जागावे लागेल.

शब्दाला_शब्द

वेळ कळली, हे मान्य. पण तो ‘छान’ टोमणा होता की नाही, हे तुम्हाला अजूनही कळलेले नाही.

दोनदा_वाचणारी

नाही कळलेले. आणि या नव्या उत्तरात ‘धन्यवाद’ही नाही, हे आत्ता तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आले.