‘सार्थ अंक’ आणि ‘पूर्णांकन’: सरावपत्रिकेत कोणता शब्द वापरावा?

दोलक: विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी मी सार्थ अंकांची सरावपत्रिका मराठीत तयार करत आहे. ‘राउंड ऑफ करणे’ यासाठी मी ‘पूर्णांकन करा’ असे लिहिले होते. ‘उत्तराचे तीन सार्थ अंकांपर्यंत पूर्णांकन करा’ हे वाक्य वाचून दोन मुलींनी २.६४९ चे सरळ ३ केले. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पूर्णांक म्हणजे ज्यात दशांश नसतो ती संख्या ना?’ मला त्यांची चूक दाखवता आली नाही. या क्रियेला दुसरा कोणता शब्द आहे?

शब्दवेडा: ‘निकटन’ चालेल. मात्र माझा आक्षेप ‘सार्थ’ या शब्दाला आहे. सार्थ म्हणजे अर्थासह. मग ज्याला स्वतःची किंमतच नाही, तो शून्य सार्थ कसा ठरतो? नियम सोपा करून लिहा: दशांशचिन्हानंतरचे शून्य सार्थ, बाकीचे निरर्थक.

तराजू: शब्दवेडा, आपला नियम अर्धाच बरोबर आहे. तराजूच्या पडद्यावर ९.२० ग्रॅम दिसते, तेव्हा शेवटचा शून्य सांगतो की शतांश ग्रॅमपर्यंत मोजले आणि तिथे शून्य आढळला. हीच राशी किलोग्रॅममध्ये ०.००९२० अशी लिहिली, तर दशांशचिन्हानंतर लगेच येणारे दोन शून्य केवळ जागा धरून बसतात, कारण एकक बदलताच ते नाहीसे होतात. सार्थ अंक दोन्हीकडे तीनच. १.०५ मधला शून्य दोन अंकांच्या मध्ये आहे, त्यामुळे तो नेहमीच सार्थ असतो. ‘सार्थ’ म्हणजे मोजमापातून आलेला, एवढाच अर्थ इथे घ्यावा. मुले ९.२० चे ९.२ करतात ते बहुधा गणकयंत्र शेवटचा शून्य दाखवत नाही म्हणून. सरावपत्रिकेत हे उदाहरण अवश्य ठेवावे.

शब्दवेडा: आणि ९२०० मिलिग्रॅम?

तराजू: ते नुसते पाहून ठरवता येत नाही, ९.२० × १०³ असे लिहिले तरच कळते. असा प्रश्न विचारायचा असेल, तर मापन कोणत्या उपकरणाने केले तेही सांगावे.

दुर्बीण: गुणांची सरासरी काढताना आम्ही प्रत्येक विषयाचे गुण आधी जवळच्या पूर्ण संख्येत आणतो आणि मग बेरीज करतो. इथेही तसेच करायचे का?

दोलक: दुर्बीणताई, इथे नेमके तेच टाळायचे आहे. पत्रिकेतील ठोकळा घ्या: लांबी २.४५, रुंदी १.३५ आणि जाडी १.०५ सेंटिमीटर, वस्तुमान ९.२० ग्रॅम. लांबी गुणिले रुंदी ३.३०७५ येते, आणि पूर्ण आकारमान ३.४७२८७५ घन सेंटिमीटर. हीच संख्या गणकयंत्रात ठेवून भागाकार केला, तर घनता २.६४९१ येते, म्हणजे २.६५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. काही मुलांनी पहिल्याच पायरीवर ३.३१ केले, मग ३.४७५५ चे ३.४८ केले, आणि उत्तर २.६४ आले. दोन्ही वेळा संख्या वरच्या बाजूला गेली, त्यामुळे आकारमान फुगले आणि घनता घटली.

तराजू: यात एक फसवी जागा आहे. ‘आधी आकारमान लिहा’ असा उपप्रश्न असेल, तर तिथे ३.४७ लिहावेच लागते. लिहायचे ३.४७, पण पुढच्या पायरीत वापरायची ३.४७२८७५ हीच संख्या. ३.४७ ने भागले तरी इथे २.६५ च येते, म्हणून चूक झाली आहे हे मुलांना कळतही नाही. कागदावर सोडवायचे असेल, तर मधल्या संख्येत निदान दोन अंक जास्त ठेवावेत.

दुर्बीण: पण मापात ०.०१ सेंटिमीटरची अनिश्चितता धरली, तर जाडीतच सुमारे एक टक्का चूक होऊ शकते. मग २.६४ आणि २.६५ यांत खरोखर फरक आहे का?

तराजू: रास्त शंका आहे. चारही मापांतल्या शेवटच्या अंकात एकाची चूक धरली, तर घनतेत सुमारे ०.०६ पर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे दोन्ही उत्तरे त्या मर्यादेत बसतात. मापनातली अनिश्चितता आपण टाळू शकत नाही. आकडेमोडीत भर घातलेली चूक मात्र टाळता येते. सार्थ अंक हा अनिश्चिततेचा ढोबळ अंदाज आहे, आणि पत्रिकेत तो तसाच मांडला जावा.

दोलक: मग वाक्य असे करते: ‘मधल्या पायऱ्यांत एकही अंक गाळू नका, अंतिम उत्तर तीन सार्थ अंकांत लिहा.’ यात क्रियेचे नाव घ्यावेच लागत नाही.

शब्दवेडा: वाक्य उत्तम आहे, पण ‘गाळणे’ म्हणजे अंक तोडून टाकणे. २.६४९१ मधले पुढचे अंक नुसते गाळले तर २.६४ च उरते. ‘निकटन’ हा शब्द नवखा वाटला तरी एकदा समजावून सांगता येईल.

दोलक: ‘गाळू नका’ऐवजी ‘अंक कमी करू नका’ घेते. ‘निकटन’ पुढच्या तुकडीला देऊन पाहीन. त्यांनी पुन्हा ३ लिहिले, तर इथे येऊन सांगेन.