अनुभव धागा: पन्नाशीनंतर कामाची नवी सुरुवात

रुईगाठ
काल गावातून हंगामातली पहिली कापसाची गाडी गेली अन् तीन वर्षांपूर्वीचा दसरा आठवला. त्या वर्षी आमची जिनिंग सुरूच झाली नाही. 27 वर्षं तिथं ग्रेडर होतो, वय 51. सहा ठिकाणी बायोडाटा दिला, एकाचाही फोन आला नाही. त्यात वडिलांचं नाव, जात, छंद सगळं होतं. कामाबद्दल मात्र एकच ओळ: 'जिनिंगचा 27 वर्षांचा अनुभव'.

पुतणीनं विचारलं, "काका, तुम्ही दिवसभर तिथं नेमकं करत काय होते?" मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. गाडीत चार ठिकाणी खोलवर हात घालून ओलावा पाहणं, कवडी अन् काडीकचऱ्यावरून प्रत ठरवणं, रुईचा उतारा सांगणं. 100 क्विंटल कापसाला 34 टक्के उतारा म्हटलं, तर 170 किलोच्या 20 गाठी. अंदाज अर्ध्या गाठीनंही क्वचितच चुकायचा. हेच बायोडाट्यात गेलं. मग तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीनं बोलावलं. त्यांना खरेदी सांभाळणारा माणूस पाहिजे होता.

मुलाखतीत अडलो एक्सेलवर. ओल्या कापसाचं वजन 8 टक्के ओलाव्याला किती भरेल, ते काढायला सांगितलं. तोंडी सांगितलं, पण शीटवर हात चालेना. त्यांनी महिनाभराची मुदत दिली. रोज संध्याकाळी पुतणीच्या लॅपटॉपवर बसलो. B2 मध्ये वजन, C2 मध्ये ओलावा:

```
=B2*(100-C2)/92
```

12 टक्के ओलाव्याचा 100 क्विंटल माल म्हणजे कोरडा 88. तोच 8 टक्क्यांवर 95.65 क्विंटल भरतो. 4.35 क्विंटल पाण्याचे पैसे द्यायचे की नाही, हा धंद्याचा प्रश्न. हिशोब डोक्यात होताच, फक्त जागा नवीन होती.
तुमचेही अनुभव लिहा.

वर्धाकाठ
भाऊ, वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या ह्यांचंही असंच झालं होतं. चुलीवर दूध आहे, नंतर लिहिते.

पांढरंसोनं
8 च्या वर ओलावा असला तर सरकारी केंद्रावर घेतच नाहीत. मग ते गणित कशाला शिकायचं?

रुईगाठ
8 पर्यंत पूर्ण भाव, पुढं 12 पर्यंत टक्क्याप्रमाणं कपात, 12 च्या वर परत. म्हणूनच शिकायचं. शेतकऱ्याला कपात कशी झाली ते दाखवता आलं की काट्यावरचं भांडण थांबतं.

बोंडकळी
मी अशाच एका कंपनीच्या संचालक मंडळावर आहे, माणसं निवडते. पन्नाशीच्या माणसाला मी ओलावा मोजायचं मीटर हातात देते. गाडीच्या वरच्या थरात टोचून आकडा सांगितला तर तो गेला. सकाळी वर दव असतं, अन् कोणी आतला माल ओला करून आणतो. आतून तीन-चार ठिकाणी घेऊन, हातानं दाबून मीटरशी ताडून पाहणारा लगेच ओळखू येतो. तरुण पोरं मीटरवर विश्वास ठेवतात, मीटर चुकलं तर त्यांना कळत नाही.
एक मात्र विचारून घ्या. पगार कशातून? केंद्र सरकारच्या योजनेतल्या शेतकरी कंपन्यांना व्यवस्थापन खर्चाची मदत पहिली तीनच वर्षं मिळते. पुढं कंपनीच्या व्यापारातून निघाला पाहिजे. आमच्याकडं चौथ्या वर्षी पगार थकले होते.

झाडीबोली57
मी अंगणवाडी सेविका, 57 ची. मोबाईलवर वजन-उंची भरायला शिकले तेव्हा नातू शेजारी बसायचा. आता बाकीच्या बायांना मीच शिकवते. याचं पत्र मिळतं का कुठं, बायोडाट्याला लावायला?

बोंडकळी
पर्यवेक्षिकेकडून लिहून घ्या ताई. किती सेविकांना, काय शिकवलं, किती महिने. सही-शिक्का घ्या.

मातीमोल
मले सांगा बाप्पा, आज कापसाले भाव काय हाये?

रुईगाठ
भाऊ, माल कसा हाये, ओलावा किती, ते सांगा आधी.

मातीमोल
दोन वेचण्या झाल्या. कालच्या पावसात थोडा भिजला.

रुईगाठ
ढीग नका लावू. आतून गरम होते, सरकी काळी पडते, रुई पिवळी. ताडपत्रीवर पातळ पसरवा, दोन-तीन दिवस उन्हात हलवत राहा. मग मोजू.

वर्धाकाठ
आले परत. ह्यांनी 53 व्या वर्षी नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात शिकून घेतलं, सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेचं आहे ते. जिन दुरुस्ती आधीपासून यायची. कागद हातात आल्यावर दुसऱ्या मिलनं फिटरऐवजी देखभाल प्रमुख म्हणून घेतलं. पगार फार नाही वाढला. पण रात्रपाळी गेली, गुडघ्याला आराम आहे. बायोडाट्यावर जन्मतारीख लिहायची की नाही, यावर घरात अजून वाद आहे.

बोंडकळी
माझ्या मते नको लिहू. अनुभवाच्या वर्षांवरून वय कळतंच.

रुईगाठ
मी लिहिली होती. त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

मातीमोल
ताडपत्री आणली. ऊन पडलं नाही अजून.