कोयत्याच्या नोंदीत न दिसणारी बाई

"परिघावरच्या बाईला जास्त कळते म्हणणे म्हणजे जन्मावरून ज्ञान ठरवणे नव्हे का?"

नाही; स्त्रीवादी तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग यांच्या मांडणीत भूमिदृष्टी, म्हणजे परिघावरच्या जगण्यातून व्यवस्थेकडे पाहण्याची दृष्टी, जन्माने मिळत नाही, ती सामूहिक विचारातून कमवावी लागते. आमच्या कोल्हापूर भागात ऊसतोडीला येणारे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. मुकादमाला हिशेब चालवायला एवढी नोंद पुरते, म्हणून त्यापलीकडे पाहण्याची गरजच त्याला पडत नाही. बाईला मात्र उचलीचा हिशेबही ठाऊक असावा लागतो आणि पहाटेचा स्वयंपाक, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहनापर्यंत नेणे हे नोंदीबाहेरचे कामही.

तरीही एका तळावर मी विचारले तेव्हा पहिल्या बाईने "मी मदत करते" एवढेच सांगितले, म्हणजे तीही नोंदीच्याच भाषेत बोलत होती. चौघी-पाचजणी एकत्र बसून एकमेकींचा दिवस सांगू लागल्या, तेव्हा कुठे 'अर्धा कोयता आमचा आहे' हे वाक्य निघाले, आणि माझ्या मते भूमिदृष्टी तिथे सुरू झाली. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडताना ती बिगर-दलित स्त्रियांनाही, स्वतःला बदलण्याच्या अटीवर, खुली ठेवली होती.