मुलाखतीत 'घरगुती कारण' सांगितलं, पण मला काढून टाकलं होतं. आता मेलमध्ये खरं लिहू का?

तिसरी शिफ्ट:
चाकणच्या एका कंपनीत सहा वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो. मार्चमध्ये काढून टाकलं. कारण खरं आहे: एका लॉटचे पाच नग न मोजताच पीडीआय रिपोर्टवर, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीच्या अहवालावर, मागच्या लॉटची मापं उतरवली आणि सही केली. काल भोसरीत मुलाखत झाली, चांगली झाली. शेवटी "आधीची नोकरी का सोडली" असं विचारल्यावर तोंडातून "घरगुती कारण" निघून गेलं. रात्रभर झोप नाही. आज आभाराचा मेल पाठवायचाय. त्यातच खरं सांगून टाकू का? आणि सांगायचं तर किती?

टूलरूम पिंपरी:
अजिबात लिहू नका. मी दोनदा नोकरी बदलली आहे, दोन्ही वेळा जुन्या कंपनीने फक्त तारखा आणि हुद्दा कळवला. पीएफच्या नोंदीतही 'काढलं' असं कुठे दिसत नाही, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, बस. जे कुणी शोधणार नाही ते आपणच लेखी देऊन ठेवायचं, हे कशासाठी? तुमच्या घरी पोरं असतील. आधी नोकरी लागू द्या, मग काम करून दाखवा.

एचआर, भोसरी:
सतरा वर्षं भरतीचं काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पीएफबद्दल वरचं म्हणणं बरोबर आहे. माणूस राजीनामा देऊन गेला काय किंवा काढला गेला काय, तिथे बहुतेक वेळा 'सेसेशन', म्हणजे नोकरी संपली, एवढंच पडतं. पण पडताळणी तेवढ्यावर संपत नाही. ऑफरच्या आधी किंवा रुजू होताना एक फॉर्म भरून घेतला जातो. त्यात 'नोकरी सोडण्याचं कारण' असा रकाना असतो, आणि खाली 'दिलेली माहिती खोटी आढळल्यास सेवा संपुष्टात येईल' या ओळीखाली तुमची सही असते. शिवाय रिलीव्हिंग लेटर मागतात. काढलेल्या माणसाकडे बहुधा ते नसतं, त्याच्याकडे टर्मिनेशन लेटर असतं. ते द्यायची वेळ आली की 'घरगुती कारण' तिथेच पडतं.

चाकण-भोसरीत आणखी एक गोष्ट आहे. दोन्हीकडचे कस्टमर बऱ्याचदा तेच असतात आणि क्वालिटीची माणसं एकमेकांना फोनवर ओळखतात. कागदावर फक्त तारखा देणारी कंपनीसुद्धा फोनवर जास्त बोलते.

म्हणून माझं मत: लिहा, आजच लिहा, फॉर्म यायच्या आधी. फॉर्म आल्यावर कळवलं तर पकडलं गेल्यावर कबूल केल्यासारखं दिसतं. मात्र आधी एक सांगा, तुमच्या पत्रात नेमका कोणता शब्द आहे? मेलची सगळी रचना त्या शब्दावर ठरेल.

तिसरी शिफ्ट:
पत्रात 'तपासणी अहवालात खोट्या नोंदी, गैरवर्तन' असं आहे.

हडपसर ते हिंजवडी:
मलाही 2020 मध्ये काढलं होतं, लॉकडाऊन लागल्यावर आमची अख्खी टीम गेली. मी मुलाखतीत सरळ सांगायचो, कंपनीने खर्च कमी केला, माझा काही दोष नाही. कुणी काही विचारलं नाही. तुम्हीही तेच सांगा, लाज कसली त्यात?

एचआर, भोसरी:
तुमच्या बाबतीत ते खरं होतं, म्हणून चाललं. कपातीत माणसाच्या वागण्याचा प्रश्न येत नाही. इथे पत्रात 'गैरवर्तन' लिहिलेलं आहे. यांनी 'कपात' लिहिलं तर कालचं एक खोटं झाकायला आज दुसरं होईल, आणि तेही लेखी.

पिन बसेना:
मी कस्टमरच्या बाजूला आहे, पुरवठादारांची क्वालिटी बघतो. विचारतो कारण महत्त्वाचं आहे: लॉट पुढे कसा पकडला गेला?

तिसरी शिफ्ट:
पार्टला 25 एच7 बोअर होता, म्हणजे भोक 25.000 ते 25.021 मिलिमीटरमध्ये हवं. बोअर कापणारा इन्सर्ट झिजला होता, त्यामुळे बोअर लहान येत गेला. कस्टमरच्या लाइनवर पिन बसेना. त्यांनी आमचा रिपोर्ट काढला आणि आधीच्या लॉटच्या रिपोर्टशेजारी ठेवला. 25.012, 25.014, 25.011... पाचही आकडे तेच, त्याच क्रमाने. मला बोलावलं तेव्हा दोन्ही कागद टेबलावर होते. मी काहीच बोलू शकलो नाही.

बोअर गेज माझ्या ट्रॉलीवरच होता. पाच नग मोजायला दहा मिनिटं लागली असती. गाडी गेटवर उभी होती, सुपरवायझर म्हणाला, "भर आणि सोड."

पिन बसेना:
धन्यवाद, खरं सांगितलंत. आता माझं मत ऐका. मेलमध्ये 'प्रक्रियेत त्रुटी राहिली' असलं काही लिहिणार असाल तर न लिहिलेलं बरं. गेज चुकीचा वाचला, कॅलिब्रेशन संपलेला गेज वापरला, याला त्रुटी म्हणतात. न मोजता आकडे भरणं ही वेगळी गोष्ट आहे आणि आमच्या धंद्यातला प्रत्येक जण हा फरक ओळखतो. 'त्रुटी' वाचून तुम्हाला बोलावलं आणि नंतर पत्रात 'खोट्या नोंदी' दिसलं, तर मी तुमच्या पुढच्या कुठल्याच सहीवर विश्वास ठेवणार नाही. 'न मोजता मापं भरली' हे चार शब्द मेलमध्ये हवेतच.

टूलरूम पिंपरी:
आणि हे चार शब्द वाचून कोण घेणार यांना? तुम्ही घ्याल?

पिन बसेना:
फायनल इन्स्पेक्शनला बहुधा नाही घेणार. इनकमिंगला, म्हणजे आलेला माल तपासायला, किंवा गेज रूमला, जिथे दुसऱ्याची सही सोबत असते, तिथे विचार करेन. हे सांगून नोकरी नक्की मिळेल असं मी म्हणतच नाही.

कामगार बाजू:
लेखी कबुली देण्याआधी एक गोष्ट तपासा. आरोपपत्र दिलं होतं का, चौकशी झाली होती का, की नुसतं पत्र हातात ठेवलं? काढल्याविरुद्ध दाद मागायचा विचार असेल तर आज पाठवलेला मेल उद्या तुमच्याच विरोधात वापरला जाऊ शकतो. मग आधी वकिलाशी बोला, मेल नंतर.

तिसरी शिफ्ट:
शो-कॉज नोटीस आली होती, तिच्या उत्तरातच मी लेखी मान्य केलं. चौकशी झाली, त्यातही नाकारलं नाही. हिशेब घेतला. दाद मागायची नाही.

कामगार बाजू:
मग माझी हरकत नाही.

एचआर, भोसरी:
तर मग मसुदा देते. पाठवताना तुमच्या नेहमीच्या इंग्रजीत लिहा, इथे मराठीत मांडते.

"काल वेळ दिल्याबद्दल आभार. एक दुरुस्ती करायची आहे. नोकरी सोडण्याचं कारण मी घरगुती सांगितलं, ते खरं नव्हतं. मार्चमध्ये कंपनीने मला सेवेतून काढलं, कारण एका लॉटच्या पीडीआय रिपोर्टवर मी न मोजता मापं भरून सही केली होती. चौकशीत मी हे मान्य केलं. टर्मिनेशन लेटर तुम्ही सांगाल तेव्हा दाखवतो. हे कळल्यावरही माझा विचार करणार असाल तर भेटून प्रश्नांची उत्तरं देईन."

एवढंच. मुलाखत ठरवणाऱ्या एचआरच्या नावाने पाठवा आणि ज्यांनी मुलाखत घेतली त्यांनाही प्रतीत ठेवा. नुसतं एचआरला पाठवलंत तर आम्हाला ते पुढे सांगावं लागतं, आणि आमच्या तोंडून ते तुमच्या शब्दांत जात नाही. दुरुस्ती आभारानंतर लगेच, दुसऱ्याच वाक्यात येऊ द्या. तीन परिच्छेद कौतुक करून शेवटी सांगितलं तर वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. बोअरचा आकार, इन्सर्ट, कस्टमरचं नाव, यातलं काहीही नको. कस्टमरचं नाव तर मुळीच नको, ती जुन्या कंपनीची गोपनीय बाब आहे.

निगडीहून:
माझे मिस्टर याच कामात आहेत, म्हणून राहवत नाही. मसुद्यात सुपरवायझर कुठे आहे? "भर आणि सोड" कोण म्हणालं? तिसऱ्या शिफ्टला तीन मशिनला एक माणूस ठेवायचा, गाडी गेटवर उभी करायची आणि सगळा दोष सही करणाऱ्याने घ्यायचा? प्रामाणिकपणा म्हणता, मग हेही खरंच आहे ना?

एचआर, भोसरी:
खरं आहे, मी नाकारत नाही. पण मेलमध्ये ते वाक्य आलं की वाचणाऱ्याची नजर तिथेच अडकते आणि आधीची कबुली सबबीसारखी वाटू लागते. भेटीत विचारलं, "असं का केलंत?" तर जरूर सांगावं, तिथे जागा आहे.

निगडीहून:
आणि भेटीला बोलावलंच नाही तर? मग त्यांच्या फायलीत कायमचं राहणार की हा माणूस आपल्या मनाने खोटे आकडे भरतो. मला हे पटत नाही. निदान "गाडी थांबलेली असताना" एवढे शब्द तरी घाला.

पिन बसेना:
मी आधी एचआर ताईंच्या बाजूने होतो, पण "गाडी थांबलेली असताना" यात सबब दिसत नाही, वेळ कळते. सुपरवायझरचा उल्लेख मात्र मीही टाळेन. सही त्याची नव्हती.

आणि मेलमध्ये "पुन्हा असं होणार नाही" लिहू नका. ते सगळेच लिहितात. मार्चनंतर काय केलंत ते असेल तर एक वाक्य घाला.

तिसरी शिफ्ट:
एप्रिलपासून मित्राच्या वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर आहे. तिथे प्रत्येक रीडिंगसोबत वेळ आणि गेजचा नंबर लिहितो, मालकाने सांगितलेलं नाही तरी. ती वही आहे माझ्याकडे.

पिन बसेना:
मग तेच लिहा. "सध्या वर्कशॉपमध्ये काम करतो, तिथली रीडिंगची वही सोबत आणू शकतो." भेट ठरली तर वही टेबलावर ठेवा, बोलणं नंतर.

टूलरूम पिंपरी:
वहीचं चांगलं आहे. तरी माझं मत बदललेलं नाही. फॉर्म येईपर्यंत थांबायला हवं. फॉर्ममध्ये खरं भरलं तरी सही खोटी ठरणार नाही.

एचआर, भोसरी:
सही खोटी ठरणार नाही, हे मान्य. पण मुलाखत घेणाऱ्याला त्याच्या तोंडावर सांगितलेलं खोटं फॉर्ममधून कळेल.

तिसरी शिफ्ट:
दुपारी चार वाजता पाठवला. निगडीच्या ताईंचे तीन शब्द घातले, सुपरवायझर नाही घातला. दीड तासाने उत्तर आलं: "कळवल्याबद्दल धन्यवाद. टर्मिनेशन लेटर आणि शो-कॉजला दिलेलं उत्तर घेऊन गुरुवारी साडेदहाला या." घेणार की फक्त कागद बघणार, ते लिहिलेलं नाही. शो-कॉजच्या उत्तराची माझ्याकडे प्रत नाही, जुन्या कंपनीकडे मागू का?

कामगार बाजू:
आजच मेल करून मागा, गुरुवारपर्यंत येईल असं धरू नका. नाही आली तर "प्रत मागितली आहे" म्हणून तो पाठवलेला मेलच छापून न्या. आठवणीतून लिहिलेलं उत्तर 'प्रत' म्हणून देऊ नका.