मेसेज नको, हाकेला ओ मोजा
«साखरपुड्याआधी दिवसभर मेसेज यायचे. आता एकत्र राहतो, तर हा मोबाइलमधून मान वर काढत नाही. प्रेम आटलं का?»

मेसेज अंतर भरायला असतात गं, एका घरात आल्यावर ते कमी होणारच. तू सहज "आज काय गंमत झाली" म्हणालीस, तर तो मान वर करतो का, ते बघ. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहितांच्या अशाच छोट्या हाका मोजल्या होत्या. सहा वर्षांनंतरही एकत्र असलेल्यांनी ८६ टक्के वेळा ओ दिली होती, विभक्त झालेल्यांनी ३३.

आमचे हे बोलून दाखवल्यावर ओशाळले (आधी चिडले, ते सोड), पण जेवताना फोन बाजूला ठेवायला लागले, अजून ठेवतात. तूही बोलून बघ. तुझ्याकडे चार दिवसांत पुन्हा जैसे थे झालं आणि मित्रांसमोर मात्र तोच जुना उत्साह दिसला, तर लग्नाची तारीख पुढे ढकल.