क्रुस्कलचं उत्तर अपेक्षेपेक्षा कमी येतंय, सल्ला हवाय

तिसरं_सेम: ग्राफ थिअरीच्या असाइनमेंटमध्ये मिनिमम स्पॅनिंग ट्री काढायचा आहे. क्रुस्कलच वापरायचा आणि युनियन फाइंड स्वतः लिहायचं, सी++ मध्ये. नोड जास्तीत जास्त 1000, एज 10,000. उद्या संध्याकाळी सबमिशन, लगेच व्हायवा. नमुन्याचं उत्तर 7 दिलंय, माझं 6 येतंय. तिसरा आकडा वजन:

```
1 2 1
1 3 2
2 3 3
3 4 4
```

वजनानुसार सॉर्ट करतो, `find(u)` आणि `find(v)` वेगळे निघाले तर एज घेतो, मग `p[u] = v`. `n-1` एज झाल्या की थांबतो. रँक घालू की पाथ कॉम्प्रेशन? काय सुचवाल?

कोकणस्थ_कोडर: प्रिम घे आणि मोकळा हो. प्रायॉरिटी क्यू टाकली की झालं, युनियन फाइंडची कटकटच नाही. मी कॉलेजात कायम प्रिमच लिहिला, पैकीच्या पैकी.

तिसरं_सेम: दादा, क्रुस्कलच हवाय असं लिहिलंय वर.

रात्रपाळी: पाथ कॉम्प्रेशन नाहीये ना तुझ्यात? मग चुकणारच. माझाही प्रोग्रॅम एकदा असाच अडकला होता, कॉम्प्रेशन टाकल्यावर लगेच पास झाला.

बाबा_बंगळूर: एवढं कशाला? डायक्स्ट्रा 1 पासून चालवा. मी आत्ता कागदावर केलं, एजची बेरीज बरोब्बर 7 आली.

सुमेधा_क: बाबा, ते योगायोगाने जुळलंय. त्रिकोण घ्या: 1-2 चं वजन 2, 2-3 चं 2, 1-3 चं 3. डायक्स्ट्रा 1-2 आणि 1-3 उचलेल, बेरीज 5. मिनिमम ट्री 4 चा आहे. एका नोडपासूनची अंतरं कमी करणं वेगळं, सगळं जाळं स्वस्तात जोडणं वेगळं.

रात्रपाळी, कॉम्प्रेशनने वेग वाढतो, उत्तर बदलत नाही. तुमचा प्रोग्रॅम वेळेत संपत नसणार.

आता मूळ प्रश्न. किमानापेक्षा कमी उत्तर येऊच शकत नाही, त्यामुळे 6 दिसल्याबरोबर समजायचं की हा ट्रीच नाही. पहिल्या एजला `p[1] = 2` झालं. दुसरी एज 1-3: `find(1)` म्हणजे 2, `find(3)` म्हणजे 3, वेगळे, एज घेतली, इथवर ठीक. पण मग तू `p[1] = 3` लिहिलंस आणि 1 चा 2 शी असलेला धागा तुटला. 2 एकटा पडला. त्यामुळे 2-3 आली तेव्हा दोघं वेगळ्या गटात दिसले आणि त्रिकोण पुरा झाला. तीन एज झाल्या म्हणून थांबलास आणि 4 बाहेरच राहिला. 1+2+3 = 6. जोडायची मुळं असतात, नोड नव्हेत:

```
p[find(u)] = find(v);
```

शेवटी सगळ्या नोडचं `find` एकच येतंय का, एवढं तपासून बघ.

रात्रपाळी: तेच म्हणत होतो मी, `find` मध्येच घोळ आहे.

सुमेधा_क: `find` मध्ये नाही, जोडण्यात आहे.

जुना_खोड: क्रुस्कलचा पेपर 1956 चा, पण बोरूव्काने मोराव्हियातल्या विजेच्या जाळ्यासाठी हा प्रश्न 1926 मध्येच सोडवला होता. हे कोणी शिकवतच नाही. बाकी रँक हवाच, नाहीतर लांबच लांब साखळी होते.

कोकणस्थ_कोडर: रँक नको, साइझ. गटात किती नोड आहेत तेही फुकटात कळतं.

जुना_खोड: इथे कोणाला हवंय ते? रँकच.

सुमेधा_क: 1000 नोडला दोन्ही नसले तरी फरक जाणवणार नाही. लाखात गेलं तर बघू.

बाबा_बंगळूर: ग्राफ तुटक असेल तर `n-1` एज होणारच नाहीत. मग काय छापायचं?

तिसरं_सेम: तसं काही दिलेलं नाही, सरांना विचारतो. सुमेधाताई, ते एक वाक्य बदललं आणि 7 आलं. पण व्हायवात मुळांची साखळी समजावताना माझी बोबडी वळेल. मी सरळ प्रत्येक नोडला गटाचा क्रमांक देतोय, जोडताना सगळ्या नोडवरून फिरून क्रमांक बदलायचा. `find` म्हणजे नुसतं `g[x]`. रँक नाही, कॉम्प्रेशन नाही.

जुना_खोड: हे कसलं युनियन फाइंड! मार्क कापतील.

सुमेधा_क: हेही युनियन फाइंडच, फक्त जोडणं महाग. प्रत्येक जोडणीला 1000 फेऱ्या, जोडण्या 999, म्हणजे साधारण दहा लाख. सेकंदही लागणार नाही. मी स्वतः मुळंच ठेवली असती. लूप कसा लिहिलायस?

तिसरं_सेम:

```
for (int i = 1; i <= n; i++)
  if (g[i] == g[u]) g[i] = g[v];
```

सुमेधा_क: `i` जेव्हा `u` ला पोचेल तेव्हा `g[u]` च बदलेल आणि त्यापुढचे जुन्या गटातले नोड मागे राहतील. लूपच्या आधी `int a = g[u], b = g[v];` घे आणि आत `a`, `b` वापर. चार नोडच्या नमुन्यातही ही चूक दिसेल, 2 मागे राहून पुन्हा 6 येईल. बदलल्यावर मोठा ग्राफही देऊन बघ.

कोकणस्थ_कोडर: प्रिममध्ये यातलं काहीच नसतं.