युनिव्हर्सल गेट सेटला ‘वैश्विक संच’ म्हणावं का?

निशिगंधा: क्वांटम संगणनावरच्या टिपणाचं मराठी करतेय. टोफोली गेटमध्ये पहिले दोन क्यूबिट, म्हणजे क्वांटम बिट, १ असले तरच तिसरा उलटतो. यंत्रावर ते एक-दोन क्यूबिटांच्या गेटांनी बांधतात. त्याला मी ‘विघटन’ लिहिलं आणि लागेल ते सगळं बांधायला पुरणाऱ्या गेटांना ‘वैश्विक संच’. दोन्ही खटकताहेत.

पाटीपेन्सिल: विघटन कचऱ्याचं होतं. ‘फोड’ म्हणा, मधल्या पदाची करतो तशी. तुकडे जोडले की मूळ गेट तंतोतंत मिळायला हवं. करून बघा. तीन क्यूबिटांना क्रमाने a, b, c म्हणू. दोनदा लावलं की क्यूबिट उलटतो असं एक गेट V घ्या. b १ असेल तर c वर V लावा. मग a कडून b वर सीनॉट, म्हणजे a १ असेल तर b उलटवा. b च्या जागी आता a⊕b आहे, म्हणजे दोघांपैकी नेमका एकच १ असेल तर १, नाहीतर ०. तो १ असेल तर c वर V ची उलट क्रिया. परत सीनॉट लावून b पूर्ववत करा. शेवटी a १ असेल तर c वर V. दोन्ही १ असताना मधली पायरी लागतच नाही, V दोनदा बसतं आणि c उलटतो. एकच १ असेल तर एक V आणि एक उलट V, म्हणजे c जसाच्या तसा. पाच गेटांत काम होतं.

सर्किटवाला: डिप्लोमाला 7400 चिपा वापरून नुसत्या नँडवर, म्हणजे दोन्ही इनपुट १ असतील तरच ० देणाऱ्या गेटवर, अख्खा अ‍ॅडर जोडला होता. युनिव्हर्सल गेट म्हणजे नँड, एवढंच आम्हाला ठाऊक. इथे तेच का नाही?

पाटीपेन्सिल: नँडच्या उत्तरावरून आत काय गेलं होतं ते सांगता येत नाही. क्वांटम गेट उलट फिरवता यावंच लागतं. तुमचं नँड टोफोलीतून मिळतं, c आधी १ ठेवला की झालं. पण नुसत्या टोफोलीने ० आणि १ ची सरमिसळ अवस्था कधीच तयार होणार नाही.

अनु: म्हणजे अशी सरमिसळ करणारं हॅडमार्ड गेट हवं. सीनॉट आणि हॅडमार्ड, झाला संच पूर्ण!

पाटीपेन्सिल: हॅडमार्ड हवं हे बरोबर. टोफोलीबरोबर ते पुरतंही. सीनॉटबरोबर नाही: तेवढ्यावर चालणारं सर्किट साध्या संगणकावरही झटपट सोडवता येतं. त्यात टी गेट, म्हणजे १ ची फेज ४५ अंशांनी फिरवणारं गेट, घाला, मग जमतं. टोफोलीची नेहमीची फोड याच तीन गेटांची आहे: ६ सीनॉट, २ हॅडमार्ड आणि टी व त्याचं उलट मिळून ७. ही फोड अचूक आहे. मात्र एखादा भलताच कोन फिरवायचा असेल तर हा संच त्याच्या हवं तितकं जवळ जातो, नेमका तिथे पोचेलच असं नाही.

निशिगंधा: मग ‘वैश्विक’ नकोच, त्यात विश्वभर पसरल्याचा अर्थ येतो. ‘सर्वसाधक’?

अनु: साधक म्हटलं की मला जपमाळच दिसते. तर्कशास्त्रात ‘सार्विक विधान’ असतं, तसं ‘सार्विक संच’ चालेल.

पाटीपेन्सिल: सार्विक विधान सगळ्यांबद्दल बोलतं, हा संच सगळं घडवतो. माझं मत ‘सर्वसाधक’लाच.

निशिगंधा: ‘फोड’ घेतली. दुसरा शब्द पेन्सिलीने लिहून ठेवतेय.